‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेले खोके

वाचकहो, औषधाच्या दुकानात आपण काउंटरच्या अलीकडे उभे असतो. पलीकडच्या फळीवरील औषध तेथे कोठून आले आणि विकले न गेल्यास त्याचे पुढे काय होते, याचा विचार करण्याचे आपल्याला सहसा कारण पडत नाही. मलाही अनेक वर्षे पडले नव्हते. गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका लहान मुलाच्या औषधाच्या बाटलीमुळे माझ्या हाती एक पत्र आले. आमच्या दवाखान्याशेजारच्या औषध-दुकानदारांनी ते आपल्या घाऊक विक्रेत्याला लिहिले होते. मुदत संपत आलेला आणि खराब झालेला माल परत घ्यावा व त्याची रक्कम खात्यावर जमा करावी, एवढीच त्यातली मागणी. तरीही त्या एका कागदात तुमच्या घरातील औषधांच्या डब्याशी संबंध असलेल्या बऱ्याच गोष्टी आहेत, म्हणून आजचा लेख त्या पत्राविषयी.

आमचे गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे आणि पावसाचे. त्या आठवड्यात पाऊस खळला नव्हता. सोमवारी सायंकाळी एक तरुण आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. शनिवारी मी त्याचा कान तपासून ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या जोडीचे ड्राय सिरप लिहून दिले होते. ड्राय सिरप म्हणजे बाटलीत कोरडी पावडर असते आणि घरी तिच्यात खुणेपर्यंत पाणी घालून औषध तयार करावयाचे असते. दोन दिवस औषध देऊनही ताप उतरला नव्हता. कानाच्या अशा दुखण्यात योग्य औषध सुरू केल्यावरही आराम पडण्यास दोन ते तीन दिवस लागू शकतात, त्यामुळे एवढ्यावरून मी चिंतेत पडलो नसतो. पण ती बाई सहज म्हणाली, “डॉक्टर, पावडर हलवून हलवून हात दुखले, तळाचा गोळा काही फुटेना.”

मी बाटली मागितली. तळाशी पिवळट तपकिरी ढेप बसली होती आणि वरचे औषध पातळ झाले होते. मुदत पाहिली तर ती पुढच्या वर्षाची. म्हणजे तारखेच्या दृष्टीने औषध अगदी तरुण होते. पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हा ओलाव्याला फार हळवा पदार्थ आहे. बाटलीचे झाकण वा त्याखालचे सील जरासे सैल झाले आणि दमट हवा आत शिरली, की पाणी घालण्यापूर्वीच त्याचे विघटन सुरू होते. पावडर मोकळी न राहता तिची ढेप होणे आणि पांढरटपणा जाऊन तपकिरी छटा येणे, या त्याच्या घरीही ओळखता येणाऱ्या खुणा आहेत. शिवाय ढेप न विरघळल्यामुळे पहिल्या चमच्यात औषध कमी आणि शेवटच्यात जास्त, असा प्रकार होतो. त्या मुलाचा ताप या बाटलीमुळेच राहिला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु ती बाटली देत राहणे योग्य नव्हते, हे मात्र निश्चित. मी त्यांना शेजारी पाठविले आणि मागोमाग स्वतःही गेलो.

आमच्या दुकानदारांना सारे गाव अण्णा म्हणते. त्यांनी बाटली पाहिली, काही न बोलता आतून त्याच खोक्यातील उरलेल्या पाच बाटल्या आणल्या आणि एकेक कानाशी धरून हलवून पाहिली. मोकळी पावडर सळसळते. या पाचांपैकी तीन मुक्या होत्या. अण्णांनी मुलाच्या आईला दुसऱ्या कंपनीची नवी बाटली दिली, पैसे घेतले नाहीत आणि पाचही बाटल्या फळीवरून उचलून मागच्या खोलीत नेल्या. ज्या दोन सळसळत होत्या, त्याही नेल्या. मी विचारले तेव्हा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, खोके एक, पाऊस एक. या दोघींना वेगळा न्याय कसा देऊ?”

दोन दिवसांनी मुलगा बरा होऊन खेळू लागला. पण अण्णांचे काम तेव्हाच सुरू झाले होते. मंगळवारी दुपारी ते पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. पाच बाटल्यांच्या निमित्ताने त्यांनी सगळी फळी तपासली होती आणि घाऊक विक्रेत्याकडे एकदमच दावा लावावयाचे ठरविले होते. त्यांच्या अनुमतीने ते पत्र येथे देतो. व्यापारी नावे, बिल क्रमांक आणि बॅच क्रमांक मी गाळले आहेत. मूळ पत्रात ते प्रत्येक ओळीत होते.

“दि. 8 जुलै 2025.

स. न. वि. वि.

विषय : मुदत जवळ आलेला व वाहतुकीत खराब झालेला माल परत घेऊन क्रेडिट नोट देण्याबाबत.

आपल्याकडून खरेदी केलेल्या मालापैकी पुढील माल विक्रीस ठेवणे योग्य नसल्याने मी तो फळीवरून काढून वेगळा ठेवला आहे.

अ) मुदत जवळ आलेला माल. 1) ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल 625 गोळ्या, 12 पट्ट्या, मुदत 09/2025, दर 150 रुपये, एकूण 1800 रुपये. माझ्याकडे 16 पट्ट्या होत्या, सध्याच्या खपाने चार सहज जातील, तेवढ्या ठेवून घेत आहे. 2) टेल्मिसार्टन 40 गोळ्या, 15 गोळ्यांच्या 20 पट्ट्या, मुदत 09/2025, दर 80 रुपये, एकूण 1600 रुपये. 3) डोळ्यांचे थेंब, 6 बाटल्या, मुदत 08/2025, दर 60 रुपये, एकूण 360 रुपये.

ब) खराब झालेला माल. 4) ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ड्राय सिरप, 5 बाटल्या, दर 60 रुपये, एकूण 300 रुपये. दि. 3 जुलैस माल उतरवून घेताना खोके ओले होते. पोच-चिठ्ठीवर तशी नोंद व आपल्या माणसाची सही आहे. पावडरीची ढेप झाली आहे. एक बाटली विकली गेली होती, ती ग्राहकाकडून परत आली असून नमुना म्हणून जपून ठेवली आहे. 5) ओआरएसची पाकिटे, 9 नग, दर 18 रुपये, एकूण 162 रुपये. पाकिटे ओलाव्याने एकमेकांस चिकटली आहेत.

एकूण मागणी 4222 रुपये.

सर्व पट्ट्या अखंड आहेत, एकही कापलेली नाही. माल सांगितलेल्या तापमानातच ठेवलेला होता. आपल्या माणसाने तो मोजून न्यावा, पोच द्यावी व तीस दिवसांत क्रेडिट नोट पाठवावी. एखादी बाब मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे. तोवर हा माल ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात राहील.

कळावे, लोभ असावा.”

पत्र साधेच आहे. पण त्यातील शेवटून दुसरे वाक्य पाहा. अण्णांनी ते शोभेसाठी लिहिलेले नाही. औषधे नियम, 1945 यांतील नियम 65 मध्ये परवानाधारकावर एक बंधन आहे. मुदत उलटलेले औषध विकायचे तर नाहीच, पण दुकानात बाळगायचेही नाही. याला एकच सवलत आहे. ते परत देण्यासाठी, त्याची भरपाई मिळविण्यासाठी वा त्याची विल्हेवाट लावण्यासाठी उत्पादकाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे पावले उचललेली असतील, तर ते तोवर ठेवता येते. मात्र ते विक्रीच्या मालापासून निराळे, आणि वर ठळकपणे ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या खोक्यात असावे लागते. म्हणजे हे पत्र केवळ पैशांची मागणी नव्हे. उद्या औषध निरीक्षक दुकानात आले आणि त्यांनी ते खोके उघडले, तर ‘पावले उचलली आहेत’ याचा लेखी पुरावा तेच. म्हणूनच त्याची स्थळप्रत आणि पोच अण्णा फाइलमध्ये लावून ठेवतात.

आता पहिल्या तीन ओळींकडे वळू, कारण ‘मुदत जवळ आली’ म्हणजे नेमके काय, याविषयी घरोघरी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. पट्टीवर 09/2025 असे छापलेले असेल, तर ते औषध सप्टेंबरच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरण्यास योग्य असते. एक सप्टेंबरला ते बाद होत नाही. त्या दिवसापर्यंत औषधाची ताकद ठरलेल्या मर्यादेत राहील, अशी हमी उत्पादकाने दिलेली असते, अर्थात औषध सांगितल्याप्रमाणे ठेवले असेल तर. त्यामुळे तीन महिने मुदत उरलेली प्रतिजैविकाची पट्टी पाच दिवसांसाठी घेताना ‘जुनी आहे, नको’ म्हणण्याचे काही कारण नाही. अण्णांनी चार पट्ट्या स्वतःकडे ठेवल्या, त्या याच हिशोबाने. त्या पाच-पाच दिवसांसाठी जाणार होत्या आणि सप्टेंबर उजाडण्यापूर्वीच संपणार होत्या.

टेल्मिसार्टनचे गणित वेगळे आहे. ही रक्तदाबाची गोळी, रोज एक, वर्षानुवर्षे. आपल्याकडे अनेक कुटुंबे तीन महिन्यांची औषधे एकदम घेतात. 8 जुलैला कोणी सहा पट्ट्या, म्हणजे 90 गोळ्या नेल्या आणि त्याच दिवशी सुरू केल्या, तर 30 सप्टेंबरपर्यंत 85 दिवस होतात. शेवटच्या पाच गोळ्या मुदतीबाहेर पडतात. आणि माणूस जुन्या पट्ट्या संपवून मग नव्या सुरू करतो, हे धरले तर पाचाच्या वीस-पंचवीसही होऊ शकतात. डोळ्यांच्या थेंबांना तर दोन मुदती असतात. एक छापलेली, ती न उघडलेल्या बाटलीची. दुसरी बाटली उघडल्यापासून मोजायची, आणि ती बहुतेक थेंबांना साधारण एक महिन्याची असते, कारण उघडल्यावर त्यात जंतूंचा शिरकाव होऊ शकतो. मुदत ऑगस्टअखेर असताना ऑगस्टच्या मध्यावर बाटली विकली, तर ग्राहक ती सप्टेंबरातही वापरणार. म्हणून अण्णांनी त्या सहा बाटल्या जुलैतच काढल्या.

तेव्हा औषध घेताना ‘मुदत कधी संपते’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. ‘मी हे औषध कोणत्या दिवसापर्यंत घेणार आहे’ हा दुसरा प्रश्न त्याला जोडावा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या आत बसले, की झाले.

एक गोष्ट मला या ठिकाणी कबूल केली पाहिजे. पत्र वाचताना मी अण्णांना विचारले, “टेल्मिसार्टनच्या वीस पट्ट्या पडून कशा राहिल्या? माझे निम्मे रुग्ण तेच घेतात.” अण्णांनी चष्म्यावरून पाहिले आणि अदबीने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जानेवारीपर्यंत आपण या कंपनीची लिहीत होतात. फेब्रुवारीपासून दुसरीची लिहिता.” ते खरे होते. एक नवा प्रतिनिधी आला होता, त्याच्या कंपनीची गोळी थोडी स्वस्त होती, मी ती लिहू लागलो. रुग्णांचे चार पैसे वाचले याचे मला समाधान होते. पण अण्णांच्या फळीवर जुन्या नावाचा माल होता, तो माझ्या लेखी त्या दिवशी नाहीसाच झाला. आणि अण्णा तो देऊन टाकू शकत नव्हते. अनुसूची एच मधील औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले आहे, त्याऐवजी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे द्यायचे नाही, असा नियम आहे आणि तो रुग्णाच्या रक्षणासाठीच आहे. म्हणजे वीस पट्ट्यांचे आयुष्य मी एका ओळीने संपविले होते, आणि त्याची मला दाददेखील नव्हती. त्या दिवसापासून नेहमीचे औषध बदलावयाचे असेल तर मी अण्णांना महिनाभर आधी सांगतो आणि आहे तो माल चिठ्ठीत लिहून संपवितो. जेथे शक्य आहे तेथे औषधाचे मूळ नाव लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीतील नाव बदलले आणि दुकानदाराचा चेहरा थोडा पडला, तर त्यामागे असेही कारण असू शकते.

पत्राचे पुढे काय झाले, ते आता सांगतो. घाऊक विक्रेत्याचा माणूस आठवड्याने आला, माल मोजून घेऊन गेला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्रेडिट नोट आली. क्रेडिट नोट म्हणजे रोख पैसे नव्हेत. पुढच्या खरेदीच्या बिलातून तेवढी रक्कम वजा होते. मागणी 4222 रुपयांची होती, नोट 3360 रुपयांची आली. 862 रुपये कापले होते आणि कारणे लेखी दिली होती. ती कारणे ऐकल्यावर मला या व्यवहाराची आतली बाजू कळली.

पहिले कारण 300 रुपयांचे. प्रतिजैविकाच्या गोळ्या अण्णांनी योजनेत घेतल्या होत्या. दहा पट्ट्यांवर दोन फुकट. म्हणजे बारा पट्ट्यांचे त्यांनी 1500 रुपयेच दिले होते, पट्टीमागे 125. पत्रात मात्र सवयीने 150 चा दर लिहिला गेला. विक्रेत्याने तो दुरुस्त केला आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. जे दिलेच नाही, ते परत कसे मागणार? अशा फुकटाच्या योजना मुळात दुकानदाराला गरजेपेक्षा जास्त माल घ्यायला लावतात आणि त्यातलाच माल पुढे मुदतीला टेकतो, हेही अण्णांनीच मला सांगितले.

दुसरे कारण 400 रुपयांचे. टेल्मिसार्टनच्या वीसपैकी पंधराच पट्ट्यांचे बॅच क्रमांक विक्रेत्याच्या बिलांशी जुळले. उरलेल्या पाच पट्ट्या अण्णांनी एकदा माल संपला असताना दुसऱ्या विक्रेत्याकडून तातडीने आणल्या होत्या. आपण न विकलेला माल कोणी परत घेत नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. औषध कंपनीकडून तिच्या विभागीय वितरकाकडे, तेथून घाऊक विक्रेत्याकडे आणि मग दुकानात येते. परतीचा मालही त्याच पायऱ्यांनी वर जातो. घाऊक विक्रेता दुकानदाराला जी रक्कम देतो, ती त्याला कंपनीकडून मिळवावी लागते, आणि कंपनी बॅच, बिल आणि आपली कालमर्यादा पाहिल्याखेरीज काही देत नाही. आमच्या भागात अनेक कंपन्या मुदत संपण्यापूर्वी तीन महिने ते संपल्यानंतर तीन महिने एवढीच मर्यादा ठेवतात, काही त्याहूनही कमी. ती हुकली की माल दुकानदाराच्या गळ्यात. शिवाय बॅचची ही काटेकोर जुळणी नसती, तर कोठूनही आलेली बनावट औषधे परतीच्या वाटेने साखळीत शिरली असती. तेव्हा पाच पट्ट्या नाकारणारा नियम अण्णांना जाचक असला, तरी तुमच्या-माझ्या हिताचाच आहे.

तिसरे कारण 162 रुपयांचे, ओआरएसच्या पाकिटांचे. ती निराळ्या खोक्यात आली होती. ते खोके वरून कोरडे दिसले, म्हणून पोच-चिठ्ठीवर काही नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर आतली पाकिटे चिकटलेली आढळली. माल उतरवून घेताना नोंद नाही, म्हणजे ओलावा वाटेत लागला की दुकानात, हे सांगता येत नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे. याउलट ड्राय सिरपच्या पाच बाटल्यांचे 300 रुपये पुरे मिळाले, कारण दुकानातील मुलाने 3 जुलैला ‘खोके ओले’ हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून सही घेतली होती. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. ज्या दिवशी ते दोन शब्द लिहिले गेले, त्याच दिवशी त्या बाटल्या फळीवर न लावता बाजूला ठेवल्या असत्या, तर त्या मुलाच्या घरी तशी बाटली गेलीच नसती. अण्णा स्वतः हे म्हणाले. पैशांसाठी केलेली नोंद रुग्णासाठी वापरायची राहून गेली. आता त्यांच्या दुकानात ओले वा चेपलेले खोके आले, की आधी ते बाजूच्या टेबलावर जाते, उघडून प्रत्येक नग पाहिला जातो, मगच फळीवर.

राहिल्या त्या नाकारलेल्या पाच पट्ट्या आणि नऊ पाकिटे. एकूण 562 रुपयांचा माल. सप्टेंबरमध्ये पट्ट्यांची मुदत अजून संपलेली नव्हती. कोणी म्हणेल, महिनाभरासाठी स्वस्तात देऊन टाकायच्या होत्या. पण त्या जुन्या नावाच्या पट्ट्या कोणाच्याच चिठ्ठीवर नव्हत्या. अण्णांनी त्या ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या खोक्यातच राहू दिल्या. ऑक्टोबरमध्ये मी त्या आणि ती पाकिटे माझ्या दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत घातल्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार बाद झालेली औषधे पिवळ्या पिशवीत टाकतात आणि ती भट्टीत जाळली जातात. गटारात वा ओढ्यात ओतलेले प्रतिजैविक पाण्यातील जंतूंना त्या औषधाची सवय लावते, म्हणून तो मार्ग कधीच नव्हे. त्या पट्ट्या माझ्यामुळे पडून राहिल्या होत्या, तेव्हा त्यांचे 400 रुपये मी देऊ केले. अण्णांनी ते घेतले नाहीत. “तुम्ही आधी सांगत जा, एवढे पुरे,” म्हणाले.

आता हे सारे तुमच्या घरापर्यंत कसे येते, ते थोडक्यात सांगतो. कापलेली पट्टी घाऊक विक्रेता परत घेत नाही. पत्रातील ‘एकही कापलेली नाही’ या शब्दांचा अर्थ तोच. म्हणून तुम्ही पंधरांपैकी चारच गोळ्या मागितल्या की दुकानदार कधी कधी कुरकुरतो. तुमची गरज चारांचीच असेल तर चारच घ्या, तो तुमचा हक्क आहे. मात्र कापताना एक पथ्य पाळावयास सांगा. बॅच क्रमांक आणि मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असतात. विरुद्ध टोकाकडून कापत गेल्यास फळीवर राहिलेल्या तुकड्यावर मुदत अखेरपर्यंत राहते. तुमच्या तुकड्यावर ती नसेल, तर ती बिलावर आहे ना ते पाहा आणि औषध संपेपर्यंत बिल त्या तुकड्याबरोबरच ठेवा. मुदत ठाऊक नसलेला तुकडा डब्यात ठेवू नये.

घरी नेलेले औषध दुकानदार परत घेण्यास नाखूश असतो, याचेही कारण आता लक्षात येईल. तुमच्या घरी ते उन्हात होते की फ्रिजवर, हे त्याला कळत नाही, आणि ‘सांगितलेल्या तापमानातच ठेवलेला होता’ हे वाक्य त्याला प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. आणि ड्राय सिरप घेतले, तर दुकानातच बाटली कानाशी धरून हलवून पाहा. पावडर सळसळली पाहिजे. झाकणाखालचे सील अखंड असले पाहिजे. पाणी घातल्यावर हे विशिष्ट औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. ढेप, तपकिरी रंग, फुगलेली किंवा भोक पडलेली पट्टी, चिकटलेले पाकीट असे काही दिसले तर मुदत कितीही पुढची असो, औषध घेऊ नका, फेकूनही देऊ नका. बाटली वा पट्टी बिलासह दुकानात न्या. ती नमुना म्हणून लागते. त्याच बॅचच्या औषधाबद्दल खोके ओले वगैरे काही कारण नसताना अशी तक्रार आली, तर ती वाहतुकीची नसून औषधाच्या दर्जाची असू शकते, आणि मग ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जाणे आवश्यक ठरते.

अण्णांच्या मागच्या खोलीत ते खोके आजही आहे. वर जाड पेनाने लिहिलेली तीच अक्षरे, आणि झाकणाला आतून चिकटविलेली पत्राची प्रत. परवा मी गेलो तेव्हा ते रिकामे होते. त्या तरुण आईला मी हे सारे नंतर सांगितले. तेव्हा ती म्हणाली, “मी तर बोलणारच नव्हते, म्हटले माझेच पाणी कमी पडले असेल.” वाचकहो, तुम्हालाही औषधाविषयी काही वेगळे दिसले, तर आपलीच चूक समजून गप्प राहू नका. तिने ते एक वाक्य बोलून दाखविले नसते, तर उरलेल्या पाच बाटल्या फळीवरच राहिल्या असत्या.